सिस्टर, सलाईन आणि कफ: तोंडातल्या इंग्रजीवर किती विसंबायचं?

प्रश्न: मी जीएनएम झालेली स्टाफ नर्स आहे. तालुक्याच्या गावात खासगी हॉस्पिटलमध्ये सहा वर्षं वॉर्डात काम केलंय. शाळा पूर्ण मराठी माध्यमाची. आता ओईटी ही इंग्रजीची परीक्षा देऊन इंग्लंडला जायचं ठरवलंय. एक जण म्हणाले, मराठीत तसेही ढीगभर इंग्रजी शब्द आहेत, शिवाय संस्कृत आणि इंग्रजी एकाच कुळातल्या भाषा, म्हणजे तुझा निम्मा शब्दसंग्रह तयारच आहे. हे खरं आहे का? यातले फसवे शब्द कुठले?

उत्तर:

ते जे म्हणाले त्यातला पहिला भाग बराचसा खरा आहे, दुसरा थोडासाच. पण पहिला भाग खरा आहे म्हणूनच तो जास्त त्रास देतो. मी बारा वर्षं वॉर्डात काढली आणि त्यानंतर परदेशी जाणाऱ्या नर्सना इंग्रजी शिकवते आहे. अनोळखी शब्दाने अडलेली मुलगी थांबते, विचारते, शब्दकोश उघडते. ओळखीच्या शब्दाने फसलेली मुलगी मात्र बिनधास्त पुढे बोलत राहते, आणि समोरच्याला भलतंच काही समजलंय हे तिला कळतही नाही.

ड्यूटी बदलताना आपण रोज जे बोलतो त्यातलंच एक घ्या:

"तीन नंबरचे आजोबा. बीपी-शुगर आहे. पॅरालिसिस झाला म्हणून ॲडमिट केलंय. कफ खूप आहे. दोन दिवस मोशन नाही. सलाईन चालू आहे. सकाळी सीरियस होते, आता बरे आहेत."

यात इंग्रजीतून आलेले शब्द भरपूर आहेत. व्याकरण नीट करून हेच सरळ इंग्रजीत नेलं की माझ्या वर्गात दर वेळी असं वाक्य तयार होतं: "ही हॅज बीपी अँड शुगर. ही ॲडमिटेड फॉर पॅरालिसिस. ही हॅज टू मच कफ. नो मोशन. सलाईन इज गोइंग ऑन. मॉर्निंग ही वॉज सीरियस." शब्द सगळे इंग्रजी, पण इंग्लंडमधल्या नर्सच्या हाती यातलं निम्मं लागणार नाही, आणि उरलेल्यातलं काही चुकीचं पोचेल.

कफपासून सुरुवात करते, कारण माझ्या यादीत त्याच्याइतका फसवा शब्द दुसरा नाही. आपला कफ संस्कृतातला, वात-पित्त-कफातला. म्हणजे छातीत साठतो, खाकरून बाहेर पडतो तो चिकट पदार्थ. इंग्रजीत खोकल्याला जो शब्द आहे तो आपण भारतात 'कफ' असाच उच्चारतो, औषधाच्या बाटलीलाही 'कफ सिरप' म्हणतो. त्यामुळे दोन्ही एकच, अशी पक्की समजूत होऊन बसते. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. इंग्रजी शब्द खोकण्याच्या आवाजावरून आलेला आहे आणि त्याचा अर्थ फक्त खोकला. खोकला कोरडा असू शकतो आणि कफ खोकल्याशिवायही असू शकतो. म्हणून "टू मच कफ" म्हटल्यावर डॉक्टर 'आजोबा सारखे खोकताहेत' असं समजतात, आणि तुम्हाला मात्र सांगायचं असतं की छाती भरलीय, सक्शन लागेल.

इथे आणखी एक गंमत आहे. तिकडे त्या शब्दाचा उच्चार 'कॉफ' असा आहे. तुम्ही 'कफ' म्हणालात तर तिकडच्या कानाला वेगळाच शब्द ऐकू येतो: बीपी मोजताना दंडाला गुंडाळतो ती पट्टी, किंवा ट्रॅकिऑस्टॉमीच्या नळीचा फुगा. आपल्या कफासाठी रुग्णाशी बोलताना 'फ्लेम' म्हणा, आणि नोंदीत व तपासणीच्या कागदावर 'स्प्यूटम' लिहा. या 'फ्लेम'मधला ए आखूड आहे. लांबवलात तर त्याची ज्योत होते.

सलाईन हा दुसरा धोक्याचा शब्द. इंग्रजीत सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, एवढंच. आपल्याकडे शिरेतून काहीही सोडलं तरी ते सलाईन: डेक्स्ट्रोज असो, रिंगर लॅक्टेट असो, अँटिबायोटिक घातलेली बाटली असो. नातेवाईक बोलतात तसंच नकळत आपणही बोलतो. इंग्रजीत लावलेल्या प्रकाराला 'ड्रिप' म्हणतात आणि आत काय आहे ते वेगळं सांगावं लागतं. मधुमेहाच्या रुग्णाला डेक्स्ट्रोज चालू असताना 'सलाईन' असं सांगितलं गेलं तर ती भाषेची चूक राहत नाही, औषधाची होते.

'बीपी' आणि 'शुगर' या शब्दांत घडलंय ते निराळं. इथे अर्थ पूर्ण बदलला नाही, शब्द अर्धा कापला गेला. बीपी प्रत्येकालाच असतं. आपण त्यातला 'हाय' गाळतो आणि उरलेल्या शब्दाला आजाराचं नाव करतो. शुगरचंही तेच. तिकडे 'हाय ब्लड प्रेशर' आणि 'डायबीटीझ' असं पूर्ण म्हणावं लागतं. असे कापलेले शब्द ओळखायला एक खूण आहे: मराठीत त्या शब्दापुढे नुसतं 'आहे' किंवा 'झालं' लावून आजार सांगता येतो. गॅसेस झालेत, ॲसिडिटी आहे, थायरॉइड आहे. थायरॉइडसुद्धा सगळ्यांनाच असतो, ती ग्रंथी आहे. असा शब्द दिसला की कापलेला तुकडा शोधायचा.

पॅरालिसिस घ्या. मराठीत "पॅरालिसिसचा झटका आला" म्हणजे मेंदूतला रक्तपुरवठा बिघडून अंगाची एक बाजू लुळी पडली. इंग्रजीत त्या घटनेला 'स्ट्रोक' म्हणतात. पॅरालिसिस म्हणजे हालचाल पूर्ण जाणं, मग कारण काहीही असो. आजोबा हात थोडा तरी हलवत असतील तर तिकडचं वाक्य 'स्ट्रोक झाला, डाव्या बाजूला वीकनेस आहे' असं होईल. हा वीकनेसही जपून वापरा. आपल्याकडे "वीकनेस आलाय" म्हणजे सर्वांगाचा अशक्तपणा, आणि त्याला टॉनिक देतात.

ॲडमिट आणि सीरियस या शब्दांचा अर्थ बदललेला नाही, त्यांची वाक्यातली जागा बदलली आहे. मराठी कुठल्याही इंग्रजी शब्दाला 'करणे' किंवा 'होणे' जोडून आपलंसं करून घेते. ॲडमिट केलं, ॲडमिट झाला. इंग्रजीत हे शेपूट गळतं आणि "ही ॲडमिटेड" उरतं. त्याचा अर्थ होतो 'त्याने कबूल केलं'. काय कबूल केलं, चोरी? "ही वॉज ॲडमिटेड" हे पूर्ण म्हणायलाच हवं. "ही वॉज सीरियस" म्हणजे तो थट्टा करत नव्हता. प्रकृतीबद्दल सांगायचं तर "सीरियसली इल", "क्रिटिकल" किंवा "व्हेरी अनवेल".

मोशनबद्दल जास्त लिहीत नाही. तिकडे तो शब्द कानावर येतो, पण नोंदीत आणि बोलण्यात 'ओपन्ड हिज बाउल्स' ही रुळलेली पद्धत आहे, आणि 'लूज मोशन'ऐवजी 'डायरिया'. मग आपलं वाक्य असं होतं:

"द जेंटलमन इन बेड थ्री हॅज हाय ब्लड प्रेशर अँड डायबीटीझ. ही वॉज ॲडमिटेड विथ अ स्ट्रोक. ही हॅज अ लॉट ऑफ स्प्यूटम. ही हॅझन्ट ओपन्ड हिज बाउल्स फॉर टू डेज. ही इज ऑन अ ड्रिप, नॉर्मल सलाईन. ही वॉज व्हेरी अनवेल धिस मॉर्निंग बट ही इज स्टेबल नाउ."

यात नव्याने शिकायचे शब्द किती ते मोजा: स्ट्रोक, स्प्यूटम, बाउल्स, ड्रिप, अनवेल. यांतलेही दोन-तीन तुम्ही ट्रेनिंगच्या पुस्तकात वाचलेले असणार. बाकी सगळं आधीपासून तोंडात होतं, फक्त त्याला वळण लावायचं होतं. 'निम्मा तयार' याचा खरा अर्थ मला इतकाच दिसतो.

शब्द असे सरकतात ते काही नर्सनी बिघडवले म्हणून नाही. भाषेत आलेला पाहुणा शब्द घरात मोकळी जागा असेल तिथे बसतो. पाकीट हा इंग्रजी पुडक्याचा शब्द, आपल्याकडे तो पैसे ठेवायच्या खिशात आणि पत्राच्या लिफाफ्यात जाऊन बसला. तिकीट एसटीचं तसंच पोस्टाचंही, पण पोस्टाच्या तिकिटाला इंग्रजीत 'स्टॅम्प' म्हणतात. हॉटेल म्हणजे आपल्याला मिसळ मिळण्याची जागा, त्यांना रात्री झोपण्याची. आणि उलट्या दिशेने गेलेले आपले शब्दही तसेच सरकले. बंगला दुमजली असला तरी आपण बंगलाच म्हणतो, पण इंग्लंडमध्ये 'बंगलो' म्हणजे जिना नसलेलं एकमजली घर. एखाद्या आजींना घरी सोडताना "शी लिव्ह्ज इन अ बंगलो" असं कुणी सांगितलं तर ती त्यांच्या श्रीमंतीची बातमी नसते, 'घरात जिना चढावा लागत नाही' ही कामाची माहिती असते. खाटेवरून इंग्रजीत गेलेला 'कॉट' तिथे लहान बाळाच्या कठड्याच्या पलंगाला लावतात. आपण मात्र तो परत आणून वॉर्डातल्या कुठल्याही पलंगाला लावला. तिथे पलंग म्हणजे 'बेड'.

खास इंग्लंडच्या हॉस्पिटलमध्ये गोंधळात टाकणारे चार-पाच शब्द वेगळे लिहून ठेवा, कारण त्यांचे तिथले अर्थ भारतीय इंग्रजीत सहसा सापडत नाहीत. सिस्टर हा त्यांत पहिला. इथे पांढऱ्या कपड्यातली प्रत्येक जण सिस्टर. तिथे 'सिस्टर' हा हुद्दा आहे, वॉर्ड सांभाळणारी वरिष्ठ नर्स. नव्याने रुजू झालेल्या मुलीने स्वतःची ओळख "आय ॲम सिस्टर अमुक" अशी करून दिली तर समोरची वॉर्ड सिस्टर भुवया उंचावणारच. पुरुष नर्सना आपण ब्रदर म्हणतो, ते तिथे अजिबात चालत नाही. "ही इज इन थिएटर" म्हणजे पेशंट सिनेमाला गेला नाही, ऑपरेशनला नेलाय. 'सर्जरी' म्हणजे शस्त्रक्रिया तर आहेच, पण जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यालाही तेच म्हणतात. प्लास्टर म्हणजे मोडलेल्या हाताचंही आणि बोट कापल्यावर लावायच्या चिकटपट्टीचंही.

आणि सिक. आपल्याकडे सिक लीव्ह असते, म्हणून सिक म्हणजे आजारी. इंग्लंडमधला पेशंट "आय हॅव बीन सिक" म्हणाला तर बहुतेक वेळा त्याला उलटी झालेली असते. माझ्या एका विद्यार्थिनीने तिकडून फोनवर सांगितलेला प्रसंग आहे. रात्री एक आजी तीनदा तसं म्हणाल्या आणि हिने तीनदा सहानुभूतीने "येस, यू आर इन हॉस्पिटल" असं सांगितलं. चादर बघितल्यावर उलगडा झाला.

आता उलटा प्रकार: शब्द अगदी तोच, अर्थ तोच, पण कानावर पडला तर ओळखू येत नाही. ओईटीच्या ऐकण्याच्या भागात मुलींचे गुण मुख्यतः इथे जातात असा माझा अनुभव आहे. सलाईन हा शब्द तिथे 'सेलाइन' असा येतो, जोर 'से'वर. बँडेज 'बॅन्डिज' होतं. कॅथेटर 'कॅथिटर' होतो, जोर पहिल्या अक्षरावर. मराठीत आपण अक्षरं साधारण सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत एका अक्षरावर भार पडतो आणि बाकीची चेपली जातात, त्यामुळे ओळखीचा शब्द अर्धाच ऐकू येतो. बोलताना सगळ्यात आधी सुधारायचा तो आपला व. व्हॉमिट, व्हेन, व्हॉल्व्ह म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवा, वॉर्ड म्हणताना टेकवू नका.

संस्कृतचा मुद्दा राहिला. कुळ एकच आहे हे खरं. मराठी दार आणि इंग्रजी 'डोअर', बैलाच्या मानेवरचं जू आणि त्यालाच असलेला इंग्रजी शब्द 'योक', हे सख्खे नातलग आहेत. पण रोजच्या इंग्रजीत या नात्याचा उपयोग फार होत नाही, कारण हजारो वर्षांत चेहरे इतके बदलले की माहीत असल्याशिवाय ओळख पटत नाही. दार शब्दावरून 'डोअर' कुणी शिकत नाही.

एक कोपरा मात्र असा आहे जिथे हे नातं तुमच्या उपयोगाचं आहे. इंग्रजीतले बरेचसे वैद्यकीय शब्द लॅटिन आणि ग्रीकमधून घेतलेले आहेत, आणि त्यांचे संस्कृत नातलग आपल्या शुद्ध मराठीत, आयुर्वेदात, शाळेच्या शरीरशास्त्रात जिवंत आहेत. दंत आणि डेंटल. नासिका आणि नेझल. अस्थी आणि ऑस्टिओ, म्हणून ऑस्टिओपोरोसिस हा हाडांचा आजार. नाभी आणि अंबिलिकल. मास आणि मेन्सेस, म्हणजेच मासिक पाळी. मृत आणि मॉर्च्युअरी. प्लीहा आणि स्प्लीन. पंचकर्मातलं वमन आणि व्हॉमिट. माझी सगळ्यात आवडती जोडी घाम आणि थर्मामीटर ही आहे. घाम ज्यावरून आला तो संस्कृत 'घर्म' म्हणजे उष्णता, आणि थर्मामीटरमधला ग्रीक 'थर्मो' त्याचाच भाऊ. अशा वीस-पंचवीस जोड्या पाठ केल्यात तर लांबलचक वैद्यकीय शब्दाचं पहिलं टोक हाती लागतं.

त्याच कोपऱ्यात खड्डाही आहे. पद म्हणजे पाय, सायकलचं पेडल त्याच घराण्यातलं आणि पेडिक्युअरही. म्हणून पेडिॲट्रिक म्हणजे पायाचा विभाग असं कुणी ठरवलं तर तो चुकेल, कारण तो लहान मुलांचा विभाग आहे आणि तो 'पेड' ग्रीकमधल्या मुलासाठीच्या शब्दावरून आलाय. पायाच्या तज्ज्ञाला तिथे पोडिॲट्रिस्ट म्हणतात, आणि त्यातला 'पोड' मात्र आपल्या पदाचा नातलग. तेव्हा या जोड्या शब्द लक्षात ठेवायला वापरा, अर्थ ठरवायला नको.

हे सगळं करायचं कसं, तर मी मुलींना शब्दांच्या याद्या देत नाही. एक छोटी वही खिशात ठेवायला सांगते. एका ड्यूटीत तुमच्या तोंडून जे इंग्रजी शब्द गेले ते नुसते नाही, अख्ख्या मराठी वाक्यासकट देवनागरीत लिहायचे. वाक्य महत्त्वाचं, कारण 'डिस्चार्ज' हा शब्द एकटा लिहिला तर निरुपद्रवी दिसतो. "उद्या डिस्चार्ज आहे" असं लिहिलंत की इंग्रजीत ते "ही इज बीइंग डिस्चार्ज्ड टुमॉरो" होतं हे तपासावंसं वाटतं, आणि त्या शब्दाचा दुसरा अर्थ जखमेतला स्राव आहे हेही तेव्हाच समोर येतं. नुसतं "देअर इज डिस्चार्ज" म्हटलं तर ऐकणारी नर्स ड्रेसिंग उघडून बघेल.

रात्री त्यातले फक्त दहा शब्द घ्या. शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडा. इंग्रजी-मराठी नको, कारण तो सलाईनसमोर सलाईनच लिहील. पहिल्या अर्थाखालची उदाहरणाची वाक्यं वाचा. तुमच्या वहीतल्या वाक्यासारखं एकही सापडलं नाही तर तो शब्द संशयित समजा आणि पानावर लाल खूण करा. सापडलं तर ब्रिटिश उच्चाराचं बटण दाबून तीनदा ऐका आणि तुमचं वाक्य इंग्रजीत लिहून मोठ्याने म्हणा. पहिल्या आठवड्यात दहातले तीन-चार लाल निघाले तर घाबरू नका, माझ्या बहुतेक मुलींचं तसंच होतं. पुढे नवे शब्द कमी येतात आणि लाल खुणाही विरळ होतात.

लाल खुणेच्या शब्दांपुढे दोन शब्द लिहा: एक डॉक्टरसाठी, एक पेशंटसाठी. ओईटीच्या बोलण्याच्या परीक्षेत साधारण पाच-पाच मिनिटांचे दोन प्रसंग असतात आणि समोरची व्यक्ती पेशंट किंवा नातेवाईक असते. तिथे 'स्प्यूटम' म्हटलंत तर शब्द बरोबर असूनही अवघड ठरतो, तिथे 'फ्लेम' हवं. पत्र लिहिण्याच्या भागात वाचणारा बहुधा डॉक्टर किंवा नर्स असतो, तिथे 'स्प्यूटम'. वॉर्डात तुम्ही हेच रोज करता: नातेवाइकांना "लघवीची नळी" म्हणता आणि फाइलवर कॅथेटर लिहिता.

आजच्या ड्यूटीत पहिला शब्द कुठला लिहायचा हे सुचत नसेल तर 'एक्सपायर' लिहा. "पेशंट एक्सपायर झाला" असं आपण सगळेच म्हणतो. तिकडे एक्सपायर होते ती फ्रीजमधली इन्शुलिनची बाटली. माणसाबद्दल 'डाइड' म्हणतात, नातेवाइकांशी बोलताना 'पास्ड अवे' असंही.